फोटोवरून दाढी, भुवया आणि केसांची पारख

दाढीचा आकार, भुवयांची रेषा आणि केसांचा कट चेहऱ्याच्या ठेवणीला शोभतो का, हे फोटोवरून सांगायचे तर काम एका क्रमाने करावे लागते. आधी फोटो भरवशाचा आहे का ते पाहायचे, मग चेहऱ्याची मापे घ्यायची आणि त्यानंतर दाढी, भुवया आणि केस यांच्याकडे वळायचे. हा क्रम चुकला की सल्लाही चुकतो, आणि कित्येकदा नेमका उलटा दिला जातो. हे कसे घडते ते एका नमुन्यावरून नीट कळते. समजा, २८ वर्षांच्या एका तरुणाला लग्नाच्या बायोडेटावर लावण्यासाठी फोटो निवडायचा आहे. त्याच्याकडे दोन फोटो आहेत. एक त्याने स्वतः हात लांब करून काढलेला सेल्फी, दुसरा मित्राने दोन मीटरवरून काढलेला. दोन्ही एकाच दिवशीचे आहेत, दाढी आणि केसही तेच आहेत. तरीही सेल्फीत चेहरा लांबट दिसतो आणि दुसऱ्या फोटोत गोलसर.

फोटो भरवशाचा आहे का

हा फरक अंतराने पडतो. चेहरा सपाट नाही. नाकाचे टोक सर्वांत पुढे असते, हनुवटी आणि केसांची कपाळावरची रेषा त्याच्या मागे साधारण तीन-चार सेंटिमीटरवर, आणि गालाच्या हाडांची सर्वांत रुंद जागा कानाजवळ, जवळजवळ नऊ सेंटिमीटर मागे. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर हनुवटी ३४ आणि गालाची रुंद जागा ३९ सेंटिमीटरवर पडते. जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान उमटते, त्यामुळे सेल्फीत चेहऱ्याची रुंदी लांबीच्या मानाने दहा ते पंधरा टक्के कमी दिसते. नाक मोठे दिसते, कान मागे दडतात आणि चेहरा निमुळता होतो. कॅमेरा दोन मीटरवर नेला की हेच अंतर अनुक्रमे २०४ आणि २०९ सेंटिमीटर होते आणि फरक नगण्य उरतो. अमेरिकेतील बोरिस पास्कोवर आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली हाच हिशेब नाकापुरता मांडला. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत १२ इंचांवरच्या सेल्फीत पुरुषांचे नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

म्हणून पारख करण्यासाठी फोटो दीड ते दोन मीटरवरून, दुसऱ्या कुणीतरी, डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरून काढलेला असावा. फोनवर काढायचा असेल तर जवळ जाण्याऐवजी मागे राहून दुप्पट झूम करावे. मान सरळ हवी. कानाच्या भोकापासून डोळ्याच्या खालच्या कडेपर्यंतची रेषा जमिनीला समांतर असली की मान सरळ आहे असे समजावे. हनुवटी वर उचलली तर जबडा रुंद आणि कपाळ आखूड दिसते, खाली घेतली तर कपाळ मोठे आणि हनुवटी लहान. सेल्फी बहुधा वरून काढली जाते, त्यामुळे अंतराचा दोष आणि कोनाचा दोष एकत्र येतात.

उजेडाचेही तसेच. छतावरच्या दिव्याखाली भुवयांच्या खाली, नाकाखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडतात. मानेवरची दाढी आहे त्यापेक्षा दाट वाटते आणि भुवई व पापणी यांच्यातली जागा दिसतच नाही. समोरून फ्लॅश मारला तर टाळूची कातडी चकाकते, केस विरळ भासतात आणि जबड्याची कड पुसली जाते. खिडकीकडे तोंड करून, दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो यांत सर्वांत खरा.

आणखी दोन खुणा तपासून घ्याव्यात. पहिली फिल्टरची. फोटो मोठा करून गालावरचे खुंट आणि भुवयांच्या कडा पाहाव्यात. केस एकेक सुटे दिसत असतील तर फोटो मूळचा आहे. ते एकमेकांत मिसळून मऊ डाग झाले असतील तर फोनने कातडी गुळगुळीत केली आहे आणि दाढीच्या दाटपणाबद्दल त्या फोटोवरून काहीही सांगता येणार नाही. दुसरी खूण उलट्या प्रतिमेची. पुढच्या कॅमेऱ्याचे काही फोटो आरशासारखे उलटे साठवले जातात. पुरुषाच्या शर्टाचा खिसा त्याच्या डाव्या छातीवर असतो, म्हणजे पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला दिसायला हवा. तो डावीकडे दिसला तर फोटो उलटा आहे आणि भांग कुठल्या बाजूला आहे, कुठली भुवई उंच आहे, हे सगळे फिरवून वाचायला हवे.

चेहऱ्याची मापे

भरवशाचा फोटो हाती आला की पट्टीने चार मापे घ्यावीत. केसांच्या रेषेपासून हनुवटीच्या टोकापर्यंतची लांबी, गालाच्या हाडांमधली रुंदी, कानाच्या पाळीखाली जबडा जिथे वळतो त्या दोन कोपऱ्यांमधली रुंदी, आणि भुवया व केसांची रेषा यांच्या मध्यावरची कपाळाची रुंदी. फोटो किती मोठा छापला आहे याला महत्त्व नाही, कारण कामाला येते ते मापांचे परस्पर प्रमाण.

माप घेताना दोन ठिकाणी चूक होते. केस मागे गेलेले असतील तर कपाळ कुठे संपते हे कळत नाही. अशा वेळी त्या व्यक्तीला भुवया उंचावायला सांगून दुसरा फोटो घ्यावा, कपाळावरच्या आठ्या जिथे संपतात तिथेच साधारणपणे मूळची रेषा असते. दाढी असेल तर हनुवटीचे टोक केसांत लपते. मग दाढीच्या लांबीइतके माप वजा करावे, किंवा दाढी नसतानाचा जुना फोटो मागून घ्यावा. दाढीच्या कडेलाच जबडा समजून मोजले तर चेहरा आहे त्यापेक्षा लांब आणि चौकोनी ठरतो.

लांबीला गालाच्या रुंदीने भागले की चेहऱ्याची मूळ ठेवण कळते. प्रौढ पुरुषांत हे उत्तर साधारण १.३ ते १.४ च्या आसपास येते. त्याहून कमी आले आणि जबड्याचे कोपरे गोल असले तर चेहरा गोल, कोपरे ठळक असले तर चौकोनी. १.५ च्या पुढे गेले तर लांबट. कपाळ जबड्यापेक्षा बरेच रुंद असेल तर चेहरा खाली निमुळता, आणि गालाची हाडेच दोन्हींपेक्षा स्पष्ट रुंद असतील तर मध्ये फुगीर. बहुतेक चेहरे या नावांच्या मधे कुठेतरी बसतात, म्हणून नावापेक्षा आकडा जपून ठेवावा.

याच्या जोडीला उभे तीन भाग मोजावेत. केसांच्या रेषेपासून भुवयांपर्यंत एक, भुवयांपासून नाकाच्या तळापर्यंत दुसरा आणि तिथून हनुवटीपर्यंत तिसरा. हे तीन भाग सारखे असावेत, हा नियम युरोपातील चित्रकारांनी प्रबोधनकाळापासून चालवला. विसाव्या शतकात टोरंटोत काम करणाऱ्या लेस्ली फार्कस यांनी खऱ्या माणसांचे चेहरे मोजले, तेव्हा असे नियम बहुसंख्य चेहऱ्यांना लागू पडत नाहीत असे दिसून आले. म्हणजे तीन भाग असमान असणे हा दोष नाही. पण कुठला भाग आखूड आणि कुठला मोठा हे कळले की दाढी आणि केस कुठे वाढवायचे, कुठे आवरायचे, हे त्यावरून ठरते.

नमुन्यातल्या तरुणाच्या सेल्फीत लांबी भागिले रुंदी १.४६ आली होती. तेवढ्यावर विसंबले असते तर सल्ला असा मिळाला असता की चेहरा लांबट आहे, गालांवर दाढी भरू द्या, हनुवटीवर आखूड ठेवा, डोक्यावर उंची नको. दोन मीटरवरच्या फोटोत लांबी ११.६ सेंटिमीटर, गालाची रुंदी ९, जबडा ८.३ आणि कपाळ ७.९ भरले. प्रमाण १.२९. उभे भाग वरून खाली ४.३, ३.८ आणि ३.५. म्हणजे चेहरा गोलसर, जबडा रुंद आणि खालचा भाग आखूड. आता प्रत्येक सल्ला उलटतो.

दाढी

दाढीत तीन रेषा वाचायच्या असतात. गालावरची वरची रेषा, मानेवरची खालची रेषा आणि समोरून दिसणारी बाहेरची कड.

यांत सर्वाधिक बिघडते ती मानेवरची रेषा. कंठमणीच्या वर एक ते दोन बोटे अंतरावर तिचा सर्वांत खालचा बिंदू हवा, आणि तिथून ती दोन्ही बाजूंनी वळत कानाच्या पाळीमागे पोहोचायला हवी. पुष्कळांना वाटते की जबड्याच्या हाडावरच दाढी संपवली तर जबडा उठून दिसेल. प्रत्यक्षात हाडाखालची मऊ कातडी उघडी पडते आणि बारीक माणसालाही दुहेरी हनुवटी असल्यासारखे दिसते. दाढीच्या खालच्या कडेखाली फिकट कातडीचा पट्टा आणि मग सावली असा क्रम फोटोत दिसला, तर रेषा वर चढली आहे असे समजावे. रेषा कंठमणीच्याही खाली गेली तर मान आखूड वाटते आणि डोके थेट खांद्यांवर बसल्यासारखे दिसते.

गालावरची रेषा कल्ल्यांच्या खालच्या टोकापासून मिशीच्या कोपऱ्याकडे उतरते. ती शक्यतो निसर्गाने आखलेली ठेवावी आणि तिच्या वरचे तुरळक केस तेवढे काढावेत. वस्तऱ्याने लाइन मारताना दोन्ही बाजू जुळवण्याच्या नादात ती दर वेळी थोडी खाली येते आणि शेवटी जबड्यावर दाढीची पातळ पट्टी तेवढी उरते. रुंद चेहऱ्यावर अशी पट्टी गाल आणखी मोठे दाखवते.

बाहेरची कड लांबीने ठरते. न्हाव्याकडच्या मशीनवर एक नंबरचे क्लिप साधारण ३ मिलिमीटर, दोन नंबरचे ६, तीन नंबरचे १० आणि चार नंबरचे १३ मिलिमीटर केस ठेवते. सगळीकडे एकच नंबर फिरवला तर दाढी चेहऱ्याचा आहे तोच आकार फुगवून दाखवते. चेहरा गोल किंवा रुंद असेल तर कडेला आखूड आणि हनुवटीवर लांब ठेवावी. लांबट असेल तर उलट, कडा भरलेल्या आणि हनुवटी आवरलेली. जबडा चौकोनी असेल तर खालचे कोपरे गोलावून घ्यावेत.

दाटपणाही पाहावा लागतो. गालांवर केस विरळ असतील तर लांबी वाढवून ते झाकले जात नाहीत, उलट मधली कातडी अधिक दिसते. अशा दाढीला ३ मिलिमीटरच्या आसपासचे खुंटच शोभतात. विरळपणा आणि चट्टा यांत मात्र फरक करावा. बाकी दाट दाढीत नाण्याएवढी, गोल, गुळगुळीत, एकही केस नसलेली जागा दिसली तर ती चाई असू शकते. त्यावर न्हाव्याने काही करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवणे योग्य.

नमुन्यातल्या तरुणाची दाढी सगळीकडे सारखी, आठेक मिलिमीटर होती आणि मानेवरची रेषा हाडावरच काढलेली होती. रुंद जबडा त्यामुळे आणखी रुंद दिसत होता. त्याच्यासाठी नोंद अशी होईल: कल्ल्यांपासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत ३ मिलिमीटर, तिथून हळूहळू वाढवत हनुवटीवर १० मिलिमीटर, आणि मानेवरची रेषा खाली आणून कंठमणीच्या वर दीड बोटावर. हनुवटीच्या केसांनी आखूड पडलेला खालचा भाग भरून निघतो. दाढी महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढते, त्यामुळे मानेवरची रेषा खाली यायला तीन-चार आठवडे वस्तरा लावू नये.

भुवया

चेहरा ओळखण्यात भुवयांचा वाटा मोठा आहे. पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटीत केलेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रसिद्ध व्यक्तींच्या फोटोंतून कधी डोळे पुसले, तर कधी भुवया. डोळे पुसलेल्या फोटोंपेक्षा भुवया पुसलेले फोटो ओळखणे लोकांना अधिक जड गेले. म्हणूनच भुवयांत केलेला लहानसा बदलही फोटोत चटकन जाणवतो.

त्यांचे माप घ्यायला पेन्सिल पुरते. नाकपुडीच्या बाहेरच्या कडेवर तिचे एक टोक ठेवून ती डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून वर नेली की भुवई जिथे सुरू व्हायला हवी ती जागा मिळते. तीच पेन्सिल बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून नेली की कमानीचा सर्वांत उंच बिंदू, आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून नेली की भुवईचा शेवट. छापील फोटोवर किंवा स्क्रीनवर पट्टी ठेवूनही हे करता येते. भुवईचे शेपूट तिच्या सुरुवातीपेक्षा खाली उतरले असेल तर चेहरा दमलेला वाटतो. दोन भुवयांमधली जागा गरजेपेक्षा रुंद केली तर नाकाचा वरचा भाग पसरट दिसतो.

स्त्रियांच्या भुवयांत कमान थोडी स्पष्ट आणि हाडाच्या वर असते, पुरुषांच्या भुवया बहुधा सपाट, दाट आणि हाडावरच टेकलेल्या असतात. त्यामुळे पुरुषाच्या भुवयांना थ्रेडिंगने कमान देणे टाळावे. नाकाच्या वरचे जोडणारे केस काढणे आणि फार लांब झालेले केस कात्रीने कापणे एवढ्यावर त्यांचे काम भागते. स्त्रियांच्या बाबतीत रेषा खालच्या बाजूने काढावी. वरून जास्त केस काढले तर कमान चपटी होते आणि भुवई डोळ्यावर उतरते. गोल चेहऱ्याला थोडी उंच कमान शोभते, लांबट चेहऱ्याला जवळजवळ आडवी.

फोटोत भुवया वाचताना एक फसगत होते. कॅमेऱ्यासमोर डोळे मोठे दिसावेत म्हणून पुष्कळजण नकळत भुवया उचलतात आणि आहे त्यापेक्षा मोठी कमान नोंदवली जाते. कपाळावर आडव्या आठ्या दिसत असतील तर भुवया उचललेल्या आहेत हे नक्की. चेहरा सैल सोडून दुसरा फोटो मागावा.

तरुणाच्या फोटोत आठ्या नव्हत्या, पण दोन्ही भुवया पेन्सिलच्या रेषेपासून आत न येता तीन-चार मिलिमीटर बाहेरच सुरू होत होत्या. कडाही कापल्यासारख्या सरळ होत्या. थ्रेडिंगमध्ये मधले केस जास्त काढल्याची ही खूण. त्यावर उपाय कुठलाही आकार देण्याचा नाही, थांबण्याचा आहे. भुवयांचे केस पूर्ण भरून यायला दोन ते चार महिने लागू शकतात, आणि वर्षानुवर्षे मुळासकट उपटलेले काही केस परत येतही नाहीत.

केस

केसांचे काम चेहऱ्याभोवतीची बाह्यरेषा ठरवण्याचे. फोटोत ती रेषा डोळ्याने आखून पाहावी. डोक्याच्या वरची उंची आणि कानांवरची रुंदी मिळून जो आकार बनतो, तो चेहऱ्याच्या मापांशी जुळवायचा. गोल चेहऱ्याला वर उंची आणि कडेला आखूड केस लांबी देतात. लांबट चेहऱ्यावर कडा अगदी उतरवल्या आणि वर तुरा ठेवला तर चेहरा आणखी लांब होतो, तिथे कडेला थोडे केस राखून कपाळावर काही केस आणणे बरे. कपाळ मोठे असेल तर पुढे येणारे केस ते आवरतात. जबडा चौकोनी असेल तर वरच्या केसांत सरळ कडांऐवजी मोकळेपणा हवा. हेच तर्क स्त्रियांच्या केसांना लागतात, फक्त तिथे रुंदी कानाजवळ वाढवायची की खांद्याजवळ, एवढा आणखी एक निर्णय असतो.

पुढचे केस मागे सरकत असतील तर लांब केस ओढून ती जागा झाकू नये. उजेडात केसांमधून कातडी दिसतेच आणि लक्ष नेमके तिथे जाते. वरचे केस आखूड आणि कडेचे त्याहून आखूड केले की दाटपणातला फरक कमी जाणवतो. भांगाची बाजू भोवऱ्याच्या दिशेने ठरवावी. केस उलट्या दिशेने बसवले तर फोटोत पुढचा एखादा झुपका उभा राहिलेला दिसतो.

कटिंग कधी केली यावरही फोटो बदलतो. फेड केल्यावर लगेच काढलेल्या फोटोत कानांवरची कातडी चेहऱ्यापेक्षा फिकट दिसते, कारण तिथे ऊन लागलेले नसते. पाच-सहा दिवसांनी खुंट आले की हा फरक बुजतो.

तरुणाचे केस वर तीन सेंटिमीटर, चापून बसवलेले आणि कडेला जवळजवळ तेवढेच होते. त्याचे कपाळ उभ्या भागांत सर्वांत मोठे आहे, म्हणून सगळे केस सरळ मागे नेऊ नयेत. कडेला दोन नंबर, कानाजवळ एक नंबरपर्यंत उतरता, वर पाच-सहा सेंटिमीटर वाढवून एका बाजूला झुकती उंची, हा कट त्याला जुळतो. कानासमोर कटिंगची उतरण आणि दाढीचे ३ मिलिमीटर एकमेकांत मिसळायला हवेत. तिथे पायरी दिसली तर केस आणि दाढी वेगवेगळ्या माणसांची वाटते.

नोंद आणि तिच्या मर्यादा

पारख लिहून देताना हाडाचे आणि केसांचे वेगळे मांडावे. नाकाची रुंदी, जबड्याचे हाड, डोळ्यांमधले अंतर यांवर दाढी-केसांनी फरक पडत नाही, म्हणून त्यांच्यावर शेरे मारू नयेत. दाढी किंवा केस धर्म, व्रत किंवा निवडीने राखलेले असतील तर ते तसेच गृहीत धरून, त्या मर्यादेत काय नीटनेटके करता येईल तेवढेच सांगावे. बदल वेळेप्रमाणे लिहिणे सोयीचे: आजच करता येतील ते, महिनाभर वाढवून करायचे ते, आणि भुवयांसारखे दोन-चार महिने थांबायचे ते.

समोरच्या एका फोटोवरून काही गोष्टी कळत नाहीत. हनुवटी मागे आहे की पुढे, मानेवरची दाढी कुठवर आहे, डोक्यामागचा भाग चपटा आहे का, हे बाजूच्या फोटोशिवाय सांगता येत नाही. केस कुरळे आहेत की नुसते विस्कटलेले, ते धुतल्यावर कसे बसतात, हे फोटो दाखवतच नाही. म्हणून समोरचा एक आणि दोन्ही बाजूंचा एकेक, असे निदान तीन फोटो मागावेत.

बदल केल्यावर तुलना करायची तर दुसरा फोटो त्याच अंतरावरून, त्याच खिडकीसमोर आणि डोळ्यांच्या त्याच उंचीवरून काढावा. या तिन्हींपैकी एक जरी बदलले तरी दिसणारा फरक दाढीचा की कॅमेऱ्याचा हे सांगता येत नाही. नमुन्यातल्या तरुणाने बायोडेटावर सेल्फी न लावता दोन मीटरवरचा फोटो लावावा, आणि तोही मानेवरची दाढी खाली आल्यावर, कटिंग होऊन पाच-सहा दिवस झाल्यानंतर काढलेला.